‘वेळापत्रक’ की ‘गणती’? लुटीच्या पेटीसाठी शब्द हवा

गिरणाकाठ: डन्जन क्रॉलर, म्हणजे भुयारात उतरून राक्षस मारायचे आणि लुटीच्या पेट्या उघडायच्या, अशा प्रकारच्या संगणकीय खेळांवर मी एक लेख लिहीत आहे. कितव्या पेटीत चांगली तलवार निघेल याचा नेम नसतो आणि म्हणूनच खेळाडू पुन्हा पुन्हा भुयारात उतरतो; या रचनेसाठी मी ‘बदलत्या बक्षिसांचे वेळापत्रक’ असे लिहिले खरे, पण ते वाचताना धुळ्याच्या एसटी स्थानकात उभे असल्यासारखे वाटते. कृपया योग्य शब्द सुचवावा.

वाघूर: ‘बेभरवशाचे बक्षीस’ म्हणावे. आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे मी रात्रीतून तीनदा उठून तोटी फिरवून पाहतो. खेळाडूचेही तेच होते.

सातपुडा: शब्द चालेल, दाखला मात्र दुसऱ्या प्रकारचा आहे. तोटी दहा वेळा फिरवली म्हणून पाणी लवकर येत नाही, तिथे वेळच जावा लागतो. पेटीचे तसे नाही. जितक्या पेट्या उघडाल तितक्या संधी वाढतात. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या 1957 च्या ग्रंथात हे दोन प्रकार वेगळे मांडले आहेत. दाण्याचे बक्षीस अनिश्चित वेळेवर बेतले की कबुतर कळ संथपणे टोचत राहते, आणि अनिश्चित संख्येवर बेतले की भराभर टोचते व फारसे थांबत नाही. राक्षस मारण्याचा खेळ दुसऱ्या प्रकारात मोडतो, म्हणून ‘वेळापत्रक’ हा शब्द नुसता रुक्ष नाही, तर चुकीचा आहे. मी ‘बिननेमी गणती’ म्हणतो, आणि दर दहाव्या पेटीला बक्षीस ठरलेले असेल तर ‘ठरीव गणती’.

केळीबाग: मला शब्दातले फारसे कळत नाही. माझा मुलगा बारावीला आहे आणि रात्री दोनपर्यंत हेच खेळतो. झोप म्हटले की म्हणतो, “पप्पा, चाळीस पेट्या रिकाम्या गेल्या, आता निघेलच.” याला सरळ ‘जुगाराची चटक’ का म्हणू नये?

सातपुडा: पैसे लावलेले नसतील तर ‘जुगार’ म्हणायला मी कचरेन, पण मुलाचे ते वाक्य फार मोलाचे आहे. खेळात वेगळी सोय केलेली नसेल, तर एक्केचाळिसाव्या पेटीला आधीच्या चाळीस पेट्यांची काहीही आठवण नसते.

मी स्वतः एक छोटा खेळ केला होता, त्यात हेच अंगाशी आले. दर पेटीत तलवार निघण्याची शक्यता 5 टक्के ठेवली, म्हणजे सरासरी 20 पेट्या, आणि त्यावर मी खूश होतो. नंतर हिशेब मांडला तेव्हा दिसले की शंभरांतल्या सुमारे 36 जणांना 20 पेट्यांनंतरही काही मिळत नाही, आणि सुमारे 5 जण 60 पेट्या उघडूनही रिकाम्या हाताने परततात. एका फेरीत 4 पेट्या आणि फेरीला 12 मिनिटे, म्हणजे त्या पाच जणांचे तीन तास गेले. सरासरीत हे लोक दिसतच नाहीत.

मग शक्यता 3 टक्क्यांवर आणली आणि तिसाव्या पेटीत तलवार नक्की ठेवली. सरासरी जवळपास 20 च राहिली, पण कोणाचेही दीड तासापेक्षा जास्त जात नाही.

वाघूर: म्हणजे प्रश्न सुटला. त्या तिसाव्या पेटीला ‘हमीची पेटी’ म्हणू या.

सातपुडा: शब्द छान आहे, मात्र प्रश्न पुरता सुटला नाही. या मांडणीत शंभरांतल्या सुमारे 41 जणांना तलवार थेट तिसाव्या पेटीतच मिळते. त्यांच्यासाठी खेळ जवळजवळ ठरीव गणतीचा होतो. शिवाय गणती पडद्यावर दाखवली, तर “आता चारच राहिल्या” म्हणून जागणारा खेळाडू वेगळा तयार होतो. केळीबाग यांच्या चिरंजीवांना त्याने झोप लागेल असे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

केळीबाग: मग त्याला झोप लागेल असे काय करता येईल?

सातपुडा: ठरीव गणतीत बक्षीस मिळाल्यावर प्राणी थोडा वेळ थांबतो, हे त्या प्रयोगांत स्पष्ट दिसते. खेळ विकणाऱ्याला ती खोट वाटते आणि बिननेमी गणती तीच बुजवते. मी उलट ती राखली: तलवार मिळाली की खेळाडू गावात परततो, खेळ आपोआप जतन होतो आणि पुढच्या फेरीचे आमिष पडद्यावर येत नाही. बरेच जण तिथेच खेळ बंद करू लागले.

गिरणाकाठ: त्या थांबण्याला ‘विराम’ लिहावे का?

वाघूर: ‘विराम’ व्याकरणाच्या पुस्तकातला वाटतो. वारीत असतो तो ‘विसावा’ बरा.

सातपुडा: विसावा घेणारा स्वतः ठरवून बसतो, आणि इथे खेळ त्याला बसवतो, म्हणून मला थोडी शंका आहे. पण ‘विराम’पेक्षा बरा.

गिरणाकाठ: तूर्त ‘बिननेमी गणती’ आणि ‘हमीची पेटी’ घेतो. ‘विसावा’पुढे कच्च्या प्रतीत प्रश्नचिन्ह ठेवले आहे.