मदत हवी आहे : नावात एक a वाढवला, आता पीएफ अडकला

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला, सिडकोत राहतो. गेल्या वर्षी बायकोने अंकशास्त्रानुसार नावाचं स्पेलिंग बदललं. Sunita ची बेरीज 20, म्हणजे 2 येते. शेवटी एक a वाढवून Sunitaa केलं की 21, म्हणजे 3. तिची त्यावर मनापासून श्रद्धा आहे, त्यामुळे तो विषय इथे नको. मराठीत नाव सुनीताच राहिलं, म्हणून आम्हाला बदल किरकोळ वाटला.

राज्य शासनाच्या राजपत्रात नाव रीतसर छापून घेतलं आणि त्याची प्रत लावून आधार बदललं. तिथेच थांबलो, ही आमची चूक. पॅन, बँक आणि पीएफ जुन्याच स्पेलिंगवर राहिले. आता तिने नोकरी सोडली, पीएफ काढायला अर्ज केला, तर नाव जुळत नाही म्हणून परत आला. पीएफमधलं नाव दुरुस्त करायला जुन्या कंपनीची संमती लागेल म्हणतात, आणि ती कंपनी फोन उचलत नाही.

आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. एक संधी गेली. म्हणून मागे फिरून जुनं स्पेलिंग घ्यायची भीती वाटते.

राजपत्र लावून आधी पॅन, मग बँक आणि शेवटी पीएफ, हा क्रम बरोबर आहे का? कंपनी दाद देत नसेल तर पीएफ कार्यालयात थेट अर्ज कुणी केला आहे का, सोबत काय जोडलं? दहावीच्या प्रमाणपत्रावर जुनंच नाव आहे. तिथे राजपत्राची प्रत सोबत दाखवून कुणाचं काम भागलंय का?