शोधपेटीतील ‘प्रीफिक्स’साठी शब्द: उपसर्ग, आद्याक्षरे की आणखी काही?

मुक्ता:
एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीतील शोधपेटीचे तांत्रिक टिपण मराठीत लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. वाचकाने ‘दिवा’ एवढे टंकले की खाली ‘दिवाळी अंक’, ‘दिवाणी कायदा’ अशा सूचना दिसाव्यात आणि त्या सूचना आधीच्या वाचकांच्या शोधनोंदींतून काढाव्यात, अशी योजना आहे. टंकलेल्या सुरुवातीच्या तुकड्याला संगणकवाले प्रीफिक्स म्हणतात. त्यासाठी मी ‘उपसर्ग’ लिहिले होते, परंतु व्याकरणातील उपसर्गाशी त्याचा घोळ होईल, असे एका सहकाऱ्याचे मत पडले. दुसरी शंका ‘लोकप्रियता’ या शब्दाविषयी आहे. जो शोध नोंदींत अधिक वेळा आला तो वर दाखवायचा, एवढ्यालाच लोकप्रियता म्हणावे काय?

भाऊसाहेब:
मुक्ताताई, आपले सहकारी बरोबर सांगत आहेत. ‘प्र’, ‘परा’, ‘अप’ हे उपसर्ग शब्दाच्या अर्थात भर घालतात किंवा तो पालटतात. ‘दिवा’ हा काही ‘दिवाळी’चा उपसर्ग नव्हे. ‘आद्याक्षरे’ हा शब्द घ्यावा. त्याबरोबरच जुळणीही अक्षराप्रमाणेच व्हायला हवी, असे मी सुचवतो. ‘द’ आणि ‘दि’ ही निराळी अक्षरे असल्याने नुसत्या ‘द’ला ‘दिवाळी’ दाखवणे अशास्त्रीय ठरेल.

शैलजा:
माझ्या फोनचा कळफलक तर मी लिहिलेला शब्दच परस्पर बदलतो. माझ्या आडनावाचे तर रोज नवे रूप होते. हे बंद करण्याची सोय तुमच्या टिपणात कृपया अवश्य द्या.

सलील:
शैलजाताई, ते काम कळफलकाचे आहे. तो तुमच्या स्वतःच्या लेखनावरून पुढच्या शब्दाचा अंदाज बांधतो; इथे इतरांनी पूर्वी केलेला संपूर्ण शोध सुचवला जातो आणि तुम्ही निवडल्याशिवाय पेटीतले काही बदलत नाही.

भाऊसाहेबांचा ‘उपसर्ग’वरचा आक्षेप मला मान्य आहे, पण अक्षराची अट पाळली तर पेटी निकामी होईल. संगणक ‘दि’ हे एक अक्षर म्हणून साठवत नाही. तो आधी द आणि मग इकार अशी दोन चिन्हे ठेवतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर वाचकही त्याच क्रमाने टंकतो, त्यामुळे ‘द’ ही त्याच्या ‘दिवाळी’ची पहिली पायरी असते आणि त्या पायरीवर ‘दिवाळी’ लपवण्याचे काही कारण नाही.

उलट चिन्हांप्रमाणे काटेकोर जुळणी केली तरी एक खड्डा राहतोच. रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याच्या अनेक पद्धतींत `d` दाबताच पेटीत ‘द्’ उमटते आणि स्वर आल्यावर हलन्त जातो. ‘दिवाळी’च्या आरंभी ‘द्’ नाहीच. म्हणून त्या क्षणी ‘द्राक्ष’, ‘द्वैत’ एवढेच दिसते आणि पुढची कळ दाबताच सारी यादी पालटते. आपल्या पेटीत हे होते का, हे पाहायचे असेल तर पहिल्या कळीनंतरची आणि दुसऱ्या कळीनंतरची यादी शेजारी ठेवून पाहा. टंकलेल्या तुकड्याच्या अगदी शेवटी असलेला हलन्त, शोधण्यापुरता, गाळून टाकणे हा त्यावरचा उपाय आहे.

मराठीचा खास गुंता ‘ऱ्य’चा आहे. ‘दऱ्या’ हा शब्द काही लोक नुक्त्याच्या ऱ ने लिहितात, तर काही जुन्या साधनांत तो साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा साठवला जातो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु नोंदींत ते दोन निराळे शोध म्हणून मोजले जातात आणि एकाच शोधाची गणती दोघांत विभागली जाते. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण हे दोन प्रकार एक करत नाही. अदृश्य चिन्हे सरसकट पुसावीत, तर दुसऱ्या प्रकारातल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगरातला वाचक समुद्रावर पोहोचतो! म्हणून आधी अदलाबदल आणि मग पुसणे, हा क्रम पाळावा लागतो:

```
q = q.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
q = unicodedata.normalize("NFC", q).replace("\u200d", "")
```

हे जुळणीच्या किल्लीपुरतेच करावे. वाचकाला सूचना दाखवताना नोंदींत अधिक वेळा आलेले रूप दाखवावे.

भाऊसाहेब:
रोमन कळफलकाचा विचार मी केला नव्हता. पण माझ्यासारखा जो इनस्क्रिप्टवर मुद्दाम ‘द्’ लिहून ‘द्राक्ष’ शोधतो, त्याचा हलन्त आपण गाळणार आणि त्याच्यापुढे ‘दिवाळी’ ठेवणार, हे कसे?

सलील:
तो तोटा खरा आहे. हलन्तासह जुळणाऱ्या सूचनांना थोडे झुकते माप देता येते, परंतु किती द्यावे हे वाचकवर्ग कोणत्या कळफलकाचा आहे यावर ठरते. माझ्याकडे त्याचे नेमके उत्तर नाही.

निनाद:
‘आद्याक्षरे’ मलाही खटकते, कारण मराठी वाचक त्यावरून नावातील ‘वि. दा.’, ‘पु. ल.’ अशी अक्षरे समजतो. ‘आरंभखंड’ चालेल का?

मुक्ता:
‘आरंभखंड’ अर्थाने नेमका आहे, पण ग्रंथालयाच्या टिपणात ‘टंकलेला आरंभ’ एवढे साधे लिहावे, असे वाटू लागले आहे. सलील, ‘लोकप्रियते’चे काय?

सलील:
नुसती गणती घेतली तर तो शब्द फसवा ठरतो. एक कल्पित उदाहरण पाहा. दिवाळीच्या सुमारास ‘दिवाळी अंक’ हा शोध 4000 वेळा झाला आणि नंतर थांबला; ‘दिवाणी कायदा’ मात्र त्यानंतर रोज 20 वेळा होऊ लागला. सरळ बेरीज केली तर ‘दिवाणी कायदा’ला बरोबरी साधायला 200 दिवस लागतील आणि तोवर ‘दिवा’ टंकणाऱ्या कायद्याच्या विद्यार्थ्याला रोज आधी अंकच दिसतील. म्हणून जुन्या शोधाचे वजन काळानुसार घटवतात. दर 30 दिवसांनी ते निम्मे होईल असे ठरवले, तर रोजच्या 20 शोधांचे साचणारे वजन हळूहळू सुमारे 876 कडे जाते, तर 4000 चे 60 दिवसांनी 1000 आणि 90 दिवसांनी 500 उरतात. म्हणजे साधारण 75 व्या दिवशी क्रम उलटतो. मुदत 7 दिवसांची ठेवली तर क्रम लवकर पालटेल, पण क्वचित होणारे शोध गोंगाटात जातील. लहान ग्रंथालयाला मी लांब मुदत सुचवेन. दर कळीला ही आकडेमोड करत बसू नये. रात्री एकदा ती उरकून प्रत्येक आरंभासाठी वरच्या दहा सूचना तयार ठेवाव्यात.

निनाद:
आमच्या संस्थेच्या पेटीत एकाच संगणकावरून कोणीतरी स्वतःच्या पुस्तकाचे नाव इतक्या वेळा शोधले की ते पहिल्या सूचनेत जाऊन बसले. मग ते समोर दिसते म्हणून इतरही त्यावर टिचकी मारू लागले आणि गणती आणखी फुगली. याला वजन घटवण्याचा काही उपयोग झाला नाही.

सलील:
होणारही नाही, कारण तिथे गणतीच चुकीची आहे. शोध किती वेळा झाला यापेक्षा किती वेगवेगळ्या वाचकांनी केला, हे मोजावे. शिवाय वाचकाने शोध पूर्ण टंकला की सूचनेवरून निवडला, याची नोंद वेगळी ठेवावी आणि निवडलेल्याला कमी वजन द्यावे. नाहीतर पेटी स्वतःचेच म्हणणे पुन्हा पुन्हा मोजत राहते. किमान काही वेगळे वाचक झाल्याशिवाय शोध सूचनेत येऊच देऊ नये, कारण लोक शोधपेटीत स्वतःचे नाव आणि आजारही लिहितात. 2006 मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीने नावे काढून सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे शोध खुले केले, तेव्हा पत्रकारांनी केवळ शोधांवरून एका बाईंचे घर गाठले होते.

मुक्ता:
मग टिपणात ‘लोकप्रिय’ न म्हणता ‘अलीकडे अनेक वाचकांनी शोधलेले’ असे लिहिते. किमान किती वाचक धरावेत हे मात्र रिकामे ठेवले आहे. आमच्याकडे दिवसाला जेमतेम काही शेकडा शोध होतात. पाचची अट घातली तरी पुष्कळशा आरंभांना एकही सूचना उरत नाही.

भाऊसाहेब:
तिथे सूचीतील ग्रंथनामेच सुचवावीत. ती कोणाची खाजगी नाहीत.

निनाद:
पण मग नोंदींतली सूचना आणि सूचीतले नाव एकाच यादीत आले, तर वर कोणाला ठेवणार?