आईच्या मशीनवरचे कोड मराठीत लिहायचे तर कसे?

कराडची लेक (मूळ प्रश्न)

आई ७२ वर्षांची, कराडला एकटीच राहते. मराठी पेपर रोज वाचते, इंग्रजी अक्षरं मात्र येत नाहीत. वरून कपडे टाकायचं ऑटोमॅटिक मशीन आहे. ते मधेच थांबतं, पिप पिप करतं, काहीतरी अक्षरं दिसतात आणि ती मला फोन करते. मी पुस्तिकेतले सगळे १३ कोड मराठीत उतरवून तक्ता केलाय. IE म्हणजे 'जलप्रवेश त्रुटी', OE म्हणजे 'जलनिचरा त्रुटी', UE म्हणजे 'असंतुलन त्रुटी', अशा पद्धतीनं. तो लॅमिनेट करून भिंतीला लावू का?

मशीन दुरुस्तीवाला

लावू नका, ताई. १९ वर्षं हेच काम करतोय. 'जलप्रवेश त्रुटी' वाचून आई काय करतील? पुन्हा तुम्हालाच फोन. कोडचं नाव मराठीत आणून उपयोग नाही, त्यानंतर हातानं काय करायचं ते मराठीत हवं.

१३ पैकी घरातल्या माणसानं हात लावावा असे चारच: पाणी येत नाही, पाणी जात नाही, कपडे एका बाजूला गोळा झालेत, झाकण नीट लागलं नाही. बाकीचे मोटर, सेन्सर, मशीनच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डाचे. त्या सगळ्यांना मिळून एकच ओळ पुरे: 'स्विच बंद कर, नळ बंद कर, मला फोन कर.'

आता IE घ्या, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त फोन त्याचेच येतात. मशीन नळ उघडून ठरावीक वेळ वाट बघतं. तेवढ्यात पाणी ठरलेल्या उंचीपर्यंत आलं नाही की थांबतं. म्हणजे पाणी बंदच असायला हवं असं नाही, धार बारीक असली तरी हाच कोड येतो. म्हणून आईंना पहिलं काम सांगा: बाथरूममधला दुसरा नळ सोडून बघा. त्याचीही धार बारीक असेल तर मशीनचा दोष नाही, टाकी रिकामी झालीय किंवा वरचा व्हॉल्व्ह अर्धवट आहे. दुसऱ्या नळाला जोरात पाणी आणि मशीन मात्र भरत नाही, असं असेल तर मशीनचा नळ पूर्ण उघडा आहे का ते बघायचं. तोही उघडा असेल तर पाइप मागे दुमडलाय किंवा पाइप जिथे मशीनला लागतो तिथली बारीक जाळी गाळानं भरलीय. हे शेवटचं काम आईंचं नाही, आपलं.

निवृत्त शिक्षिका, नाशिक

मला हे पटत नाही. मी ६८ वर्षांची आहे, मीसुद्धा एकटीच राहते. 'चारच कोड सांगा, बाकी फोन कर' हे ऐकायला सोयीचं आहे, पण त्यात म्हाताऱ्या माणसाला कळणारच नाही असं आधीच ठरवून टाकलेलं असतं.

माझा अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी पाणी बाहेर जाईना. आलेला मेकॅनिक मागे न बघताच म्हणाला, कार्ड गेलंय, साडेचार हजार लागतील. माझ्याकडे माझ्याच अक्षरात सगळ्या कोडची वही होती. मी म्हटलं, पडद्यावर तर पाणी अडलंय म्हणून येतंय, कार्डाचा कोड वेगळा आहे. मग त्यानं मशीन पुढे ओढलं. बाहेर जाणारा पाइप भिंत आणि मशीन यांच्यामध्ये चेपलेला निघाला. जी दुरुस्ती मला करायची नाही तिचाही अर्थ मला माहीत हवा, कारण दारात उभ्या माणसाशी मलाच बोलायचं असतं, पुण्यातल्या मुलाला नाही.

शब्द बदला, हे मान्य. 'त्रुटी' काढून टाका. पण सगळे १३ लिहा.

बंगलोरचा मुलगा

एवढं कशाला करताय? प्लग काढायचा, ५ मिनिटं थांबायचं, परत लावायचा. माझ्या आईला मी एवढंच शिकवलंय. दहातल्या आठ वेळा चालू होतं.

मशीन दुरुस्तीवाला

दादा, चालू होतं हे खरं. विजेचा झटका बसून कार्ड गोंधळलं असेल तर सुटतंही. पण पाणी येत नसेल तर मशीन परत तेवढाच वेळ थांबून परत तोच कोड दाखवणार. कपडे एका बाजूला असतील तर पिळायला लागल्यावर पुन्हा धडधडणार. आई तीनदा प्लग काढणार, ओल्या हातानं, ओल्या फरशीवर उभी राहून. प्लग नको, भिंतीवरचा स्विच सांगा. आणि एकदाच. दुसऱ्यांदा तोच कोड आला तर ते कारण खरं आहे असं धरा.

वेंगुर्ल्याचा

आमच्याकडे विहिरीचं पाणी. पहिल्या पावसात लाल माती येते आणि ती जाळी पंधरा दिवसांत बसते. मी नळाच्या तोंडाशी गाळणीचा डबा बसवून घेतलाय, त्याची कांडी लाल झाली की बदलतो. तुम्ही पण बसवा, कोडचा प्रश्नच मिटेल.

कराडची लेक

आमच्याकडे नगरपालिकेचं पाणी टाकीत चढवतात, गाळ तेवढा नसतो. पण माझं अडतंय ते दुसरीकडे. आईला फोनवर 'काय दिसतंय' विचारलं की ती म्हणते, 'एक आणि उलटा तीन.' हे IE आहे हे कळायला मला दोन दिवस लागले. भिंतीवर लावायच्या कार्डावर 'आय ई' लिहू का?

सांगलीची सून

नुसतं 'आय ई' लिहून भागणार नाही. पडद्यावरची अक्षरं सात काड्यांची असतात. तिथे I आणि १ सारखेच दिसतात, O म्हणजे चौकट, S आणि 5 मध्ये फरकच नाही. छापील अक्षर बघून सासूबाईंना ते पडद्यावर ओळखू येईना.

शेवटी मी पडदा दाखवून त्यांनाच विचारलं, हे कशासारखं दिसतं? E ला त्या फणी म्हणाल्या, तीन दात्यांची. मग I काठी, O चौकट, U पेला. आता त्या फोनवर सांगतात, 'पेला-फणी आलंय, चादर काढते.' कार्डावर मी प्रत्येक खूण काळ्या मार्करनं काड्याकाड्यांनी काढलीय, पडद्यावर दिसते तशीच, आणि खाली त्यांचा शब्द.

एक मात्र बघा. हे कोड सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. माझ्या माहेरी पाणी न येण्याची खूण 4C आहे, जुन्या मशीनवर तीच 4E होती. दुसऱ्याचं कार्ड उतरवून घेऊ नका, मॉडेलचा नंबर बघून पुस्तिकेशी ताडून घ्या.

निवृत्त शिक्षिका, नाशिक

फणी हा शब्द सुंदर आहे. पण सासूबाई कंपनीच्या नंबरवर फोन करून 'पेला-फणी' म्हणाल्या तर पलीकडच्या मुलीला काय कळेल? चित्राखाली 'यू ई' हेही लिहा. घरच्यांसाठी एक शब्द, बाहेरच्यांसाठी दुसरा.

सांगलीची सून

हे मला सुचलं नव्हतं. आजच लिहिते.

मशीन दुरुस्तीवाला

पेला-फणीत 'कपडे सारखे पसरा' एवढंच लिहू नका. मशीन स्वतःहून थोडं पाणी घेऊन कपडे हलवून बघतं, दोन-तीनदा जमलं नाही की मग थांबतं. म्हणजे आई झाकण उघडतात तेव्हा आत भिजलेला जड गोळा असतो, बहुतेक वेळा एकटी सोलापुरी चादर एका बाजूला चिकटलेली. ७२ व्या वर्षी ती उचलून काढायची नाही. टोक धरून जागच्या जागी ड्रमभर पसरायची आणि समोरच्या बाजूला दोन टॉवेल टाकायचे. तरी धडधडलं तर मशीनचे दोन समोरासमोरचे कोपरे आळीपाळीनं दाबून बघायचे. डुगडुगत असेल तर पाय सैल झालाय. फरशी धुवायला मशीन सरकवलं की हे हमखास होतं.

आणि CL असं दिसलं तर तो बिघाडच नाही, बटणं कुलूपबंद झालीत. कोणतं बटण किती वेळ दाबून धरायचं ते पुस्तिकेत बघून कार्डावर लिहा. यासाठी लोकांनी मला भेटीचे पैसे दिलेत.

पुण्याचा, पुढून उघडणारं मशीन

आमच्या बाबांना मी सगळ्या पायऱ्या मराठीत लिहून दिल्या होत्या. पाणी जात नाही, तर खालचं झाकण उघडा, फिल्टर फिरवून काढा, धुवा. त्यांनी तसंच केलं. ड्रम भरलेला होता. सगळं पाणी बाथरूमभर झालं आणि ते घसरले. मनगट मोडलं. आधी शेजारच्या छोट्या नळीनं पाणी थाळीत काढून घ्यायचं असतं. ते पुस्तिकेत होतं, मी लांबतं म्हणून गाळलं.

निवृत्त शिक्षिका, नाशिक

फार वाईट झालं. पण यातून 'सांगू नका' असं निघत नाही, 'अर्धं सांगू नका' असं निघतं.

मशीन दुरुस्तीवाला

बाई, मी यातून उलटं काढतो. पाणी भरलेल्या मशीनपाशी एकट्या माणसानं वाकू नये. पूर्ण सांगितलं तरी.

कराडची लेक

रविवारी कराडला जाऊन आले. दुसऱ्या नळाला धार चांगली, मशीनचा नळ पूर्ण उघडा, तरी मशीन रडतखडत भरत होतं. नळ बंद केला, पाइपची चाकी हातानं फिरवून काढली. आतली जाळी नखाएवढी, तिच्यावर टाकीचे पांढरे पापुद्रे आणि शेवाळ. पकडीनं ओढून काढली, जुन्या ब्रशनं धुतली, वॉशर सरळ बसवून पाइप परत लावला. पाणी लगेच जोरात यायला लागलं.

आईला विचारून शब्दही ठरले. तिला फणी पटली नाही, ती E ला शिडी म्हणते. कार्ड असं झालंय:

काठी-शिडी (आय ई): पाणी येत नाही. बाथरूमचा नळ सोडून बघ. धार बारीक असेल तर टाकी भरेपर्यंत थांब. धार चांगली असेल तर मशीनचा नळ पूर्ण उघड, स्टार्ट दाब. पुन्हा आलं तर फोन.

चौकट-शिडी (ओ ई): पाणी जात नाही. मागचा पाइप बघ. मुडपला असेल तर सरळ कर.

पेला-शिडी (यू ई): कपडे एका बाजूला झालेत. स्विच बंद कर, पसर, दोन टॉवेल टाक, झाकण लाव.

सगळे १३ कोड एका वहीत लिहून कपाटात ठेवलेत, बाईंनी सांगितल्याप्रमाणे. मंगळवारी काठी-शिडी आलं, टाकी रिकामी होती. आईनं मोटर लावली, स्टार्ट दाबलं आणि मला संध्याकाळी सांगितलं.

मशीन दुरुस्तीवाला

कार्ड चांगलं झालंय. दुसरी ओळ मात्र बदला. 'मागचा पाइप बघ' म्हटलं की आई मशीन ओढायला जाणार. 'पाइपचं बाहेरचं टोक मोरीत तुंबलेल्या पाण्यात बुडालं असेल तर वर काढ, मशीन ओढू नको' एवढंच लिहा. आणि कार्डाच्या मागे जाळी धुतल्याची तारीख टाका.

निवृत्त शिक्षिका, नाशिक

आणि वही कपाटात नको, फोनपाशी ठेवा. मेकॅनिक आल्यावर कपाट कोण उघडत बसेल?