मदत हवी आहे: दोघांपुरतं हाकेचं नाव, स्क्रीनवर दिसलं तरी चालेल असं

अमळनेरची: साखरपुडा झालाय, सासर शिरपूरचं. एकत्र कुटुंब, फोन चार्जिंगला हॉलमध्येच असतात. त्यांना चॅटवर काय म्हणू? पिल्लू, शोना, जानू नकोत. सासूबाईंनी वाचलं तरी लाजायची वेळ येऊ नये.

धुळेकर७: ‘मन्हा’ म्हणा. अहिराणी आहे, गोडही आहे, कुणाला कळणार नाही.

तापीकाठ: गोड आहे, पण पुण्यात चालेल. शिरपूरच्या घरात ‘मन्हा’ म्हणजे ‘माझा’ हे पहिलीतलं पोरही सांगेल.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. सेव्ह केलेलं नाव कॉल आला की मोठ्या अक्षरात झळकतं, ब्लूटूथ जोडलं तर गाडीच्या स्क्रीनवरही. तिथे त्यांचं खरं नाव-आडनावच ठेवा. ‘पाटील सर’ वगैरे अजिबात नको. त्याखाली ‘जेवलीस का गं’ आलं की नसलेला संशय उभा राहतो.

लाडाचं नाव मेसेजमध्ये येऊ द्या. ते दोघांच्या एखाद्या खऱ्या गोष्टीतून काढा, दोन-तीन अक्षरांचं. बाहेरच्याला ती साधी वस्तू वाटली पाहिजे. तुमचं दोघांचं असं काही आहे का?

अमळनेरची: बघायला आले तेव्हा कळण्याची भाकरी होती. त्यांनी तिसरी मागून घेतली.

तापीकाठ: मग ‘कळणा’! ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले, पुन्हा वेगळे करता येत नाहीत. शिवाय त्यात ‘कळणं’ही आहे. ‘कळणा, निघालास का?’ कुणी वाचलं तर फार तर विचारेल, हे काय नाव? भाकरीची गोष्ट सांगता येते, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ठरवण्याआधी स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारून बघा. जीभ अडखळली तर नाव टिकत नाही. घरातल्या शब्दाशी जुळतं का तेही बघा. ‘अनेर’ नदीचं नाव छान, पण घाईत वाचणाऱ्याला ‘आंडेर’, म्हणजे मुलगी, वाटेल.

गिरणेचा: एवढा खटाटोप कशाला? व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चॅट लॉक करा. नोटिफिकेशनमध्ये नाव नाही, मजकूर नाही.

तापीकाठ: त्यांना लपवायचं नाहीये. आणि लॉक केलेल्या चॅटवरूनही कॉल आला की नाव दिसतंच.

केळीबाग: आमच्या फोनमध्ये बायकोचा नंबर ‘घर’ म्हणून आहे. फोन हरवला तर ज्याला सापडेल तो बरोबर तिलाच लावेल.

तापीकाठ: सेव्ह करायला हे उत्तम. हाकेला मात्र ‘घर’ चालत नाही.

अमळनेरची: कळणा आवडलं. पण सासरी वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याचं नाव घेत नाहीत. हे टोपणनाव तोंडातून निघालं तर चालेल?

धुळेकर७: नाव कुठे, भाकरीच ती.

तापीकाठ: ते घराघरावर आहे. आधी नणंदेला विचारा, आणि पहिले काही महिने चॅटवरच ठेवा.

अमळनेरची: आणि ते मला काय म्हणतील? ‘मिरची’ सुचवलंय त्यांनी. मला पटत नाहीये.