डोक्यावरची नाण्याएवढी दुखरी जागा: आपापले अनुभव लिहावेत

तापीकाठची (जळगाव)
काल चोपड्याहून मामेबहिणीचा फोन आला. डोक्याची एकच जागा दुखते, बाकी डोके ठणठणीत आहे, आणि घरात कुणाला ते खरे वाटत नाही, असे ती सांगत होती. ते ऐकताच माझे जुने दुखणे आठवले, म्हणून हा धागा काढते आहे.

माझी जागा उजवीकडे, कानाच्या बरीच वर होती. दहा रुपयांच्या नाण्याएवढी आणि जवळजवळ गोल. तिथे दिवसभर दाबल्यासारखे दुखायचे आणि मधूनच काही सेकंद कळ यायची, पण ती कळही त्या वर्तुळातच उठायची आणि तिथेच विरायची. त्या जागेवरून फणी फिरली की अंगावर शहारा यायचा आणि फणी बोटभर बाजूला सरकली की काहीच जाणवायचे नाही. ऊन, पित्त, चष्म्याचा नंबर, असे सगळे तर्क करून झाले. त्वचारोगतज्ज्ञांनी केस बाजूला करून भिंगातून पाहिले. खवले, पुरळ किंवा तुटलेले केस काहीच नव्हते, त्यामुळे हा त्वचेचा आजार नाही असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

पुढे मेंदूविकारतज्ज्ञांनी मला डोळे मिटून दुखऱ्या जागेची कड बोटाने दाखवायला सांगितली, त्या कडेवर पेनाने ठिपके काढले आणि माप कागदावर उतरवून ठेवले. मग कापूस आणि बोथट टाचणी वर्तुळाच्या आत आणि बाहेर लावून पाहिली. आत कापसाचा स्पर्श बधिर लागत होता, टाचणी मात्र जास्त बोचत होती. पुढच्या भेटीत हेच पुन्हा केले, तेव्हा जागा, आकार आणि कड तीच निघाली. त्यानंतरच त्यांनी नम्युलर हेडेक हे नाव घेतले. एमआरआय निर्दोष आला. रात्री गॅबापेंटिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. सुरुवातीला सकाळी गुंगी असायची, पण दुखणे हळूहळू निवळले. असे आणखी कुणाला झाले आहे का?

भुसावळचे नाना
ताई, ही नस दबल्याची लक्षणे आहेत. मला मानेच्या वर, कवटीच्या मागच्या कडेपासून वीज चमकल्यासारखी कळ निघून थेट माथ्यापर्यंत जायची. डॉक्टरांनी तिथे भूल देणारे इंजेक्शन दिले आणि काही मिनिटांत डोके मोकळे झाले. तुमच्या बहिणीलाही तेच द्यायला सांगा, उगाच गोळ्या खाण्यात अर्थ नाही.

अमळनेरचे वैद्यकीय निवृत्त
नाना, तुमचे निदान तुमच्यापुरते योग्यच आहे, पण ताईंचे दुखणे वेगळे आहे. तुमची कळ ऑक्सिपिटल नसेच्या वाटेने धावत होती, नस जिथून वर येते तिथे बोट दाबले की ती उठत असणार, आणि नस बधिर केल्यावर ती थांबली. नम्युलरमध्ये वेदना कुठेही धावत नाही. ती १ ते ६ सेंटिमीटरच्या गोल किंवा लंबगोल जागेत कोंडलेली राहते, बहुधा डोक्याच्या बाजूच्या वरच्या भागात, आणि त्या जागेचा कुठल्याही एका मोठ्या नसेच्या हद्दीशी मेळ बसत नाही. भुलीच्या इंजेक्शनाने तिथे सहसा उतार पडत नाही, आणि तो पडला नाही म्हणून रुग्ण खोटे बोलतो असे कुणी समजू नये.

स्पेनमधील पारेजा आणि सहकाऱ्यांनी २००२ साली १३ रुग्णांच्या आधारे याचे वर्णन केले. मी शिकलो तेव्हा हे नाव पुस्तकात नव्हते, आणि असे रुग्ण ‘मनाचे आहे’ म्हणून परत पाठवले जाताना मी पाहिले आहेत, याचे मला आजही वाईट वाटते.

पाचोऱ्याची सुनंदा
माझ्या मुलाच्या डोक्यावर अगदी एवढाच गोल चट्टा पडला आहे आणि तिथले केस गेले आहेत. दुखत नाही. त्यालाही गॅबापेंटिन चालेल का?

तापीकाठची
सुनंदाताई, दुखत नसेल तर हा विषय वेगळा दिसतो. आमच्याकडे याला चाई म्हणतात. ही गोळी परस्पर देऊ नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

अमळनेरचे वैद्यकीय निवृत्त
अगदी बरोबर. गुळगुळीत, न दुखणारा चट्टा असेल तर चाईची शक्यता अधिक. खवले आणि बुंध्याशी तुटलेले केस असतील तर बुरशी, आणि त्यासाठी खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. गोंधळ एवढाच होतो की नम्युलरच्या काही थोड्या रुग्णांत दुखऱ्या जागेवरचे केसही विरळ होतात. तिथे वेदना आधीपासून आहे का, हे विचारावे लागते.

शिरपूरकर
माझ्या वडिलांना कपाळापासून डाव्या टाळूपर्यंत आग व्हायची, स्पर्श सहन व्हायचा नाही. चौथ्या दिवशी फोड आले आणि ती नागीण निघाली. फोड सुकल्यावरही आग बरेच महिने राहिली. तेही हेच म्हणायचे का?

अमळनेरचे वैद्यकीय निवृत्त
नाही. नागीण एका नसेचा पट्टा धरते आणि मध्यरेषा सहसा ओलांडत नाही; नंतरची आगही त्याच पट्ट्यात राहते. फोड येण्याआधीचे दिवस मात्र फसवे असतात, म्हणून नव्याने आग सुरू झाली असेल तर रोज केस बाजूला करून त्वचा पाहावी.

एरंडोलची लेक
सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत. गेल्या महिन्यापासून त्यांचे डावे कानशील दुखते आणि उशीवर डोके टेकवत नाही. त्यांचीही जागा छोटीच आहे. कळण्याची भाकरी चावताना जबडा थकतो, म्हणून हल्ली त्या दुधात कुस्करून खातात. दातांचे असेल असे वाटले होते.

अमळनेरचे वैद्यकीय निवृत्त
हे वाचत असाल तर आजच फिजिशियनकडे न्या. या वयात नवे कानशिळाचे दुखणे आणि चावताना थकणारा जबडा, म्हणजे कानशिळाच्या धमनीचा दाह आधी वगळायला हवा. ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या लगेच करून घ्या. उपचाराला उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. दिसायला अंधुक किंवा दुहेरी झाले तर तासभरही थांबू नका.

एरंडोलची लेक
निघतो आहोत.

रावेरचा केळीवाला
मी केळीचे घड वाहण्याच्या कामावर होतो. चुंबळ जिथे टेकते, साधारण तिथेच माझी दुखरी जागा आहे. ओझ्यानेच हे झाले का? काम सोडून वर्ष झाले तरी दुखणे तसेच आहे. एमआरआयचा खर्च खरेच करायला हवा का?

अमळनेरचे वैद्यकीय निवृत्त
दादा, काही रुग्ण पूर्वीचा मार सांगतात, पण बऱ्याच जणांना असे काहीच आठवत नाही, त्यामुळे ओझ्याला दोष देणे मला पटत नाही. तपासणी एकदा करावी, कारण त्या जागेखालच्या हाडात किंवा मेंदूच्या आवरणात गाठ असली तरी वेदना हुबेहूब अशीच असू शकते. जागा पसरू लागली, तिथे टेंगूळ हाताला लागले किंवा आकार बदलला तर तपासणी लांबवूच नका.

धुळ्याची मीनल
मला गॅबापेंटिनने फारसा फरक पडला नाही. नंतर त्याच वर्तुळात बोटॉक्सची बारीक इंजेक्शने दिली, त्याने काही महिने बरे वाटले आणि आता पुन्हा दुखते आहे. अलीकडे डावीकडेही तशीच एक जागा सुरू झाली आहे. दोन असू शकतात का?

अमळनेरचे वैद्यकीय निवृत्त
असू शकतात, एकाहून अधिक जागा असलेल्या रुग्णांची नोंद आहे. तरी दुसऱ्या जागेची कड वेगळी आखून घ्या आणि पहिलीइतकीच ती स्थिर राहते का ते पाहा. गोळी बंद करायची असेल तर एकदम थांबवू नका, डॉक्टरांना विचारून मात्रा उतरवत न्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तोही त्यांना सांगा, कारण त्यात मात्रा कमी ठेवावी लागते.

भुसावळचे नाना
मीनलताई, कड आखायला भुवईची पेन्सिल बरी पडेल, शाईचा पेन केसांत दिसत नाही. पुढच्या भेटीत डॉक्टर काय म्हणाले ते इथे लिहा.