शंभर माणसांसाठी हॉल कसा निवडलात? अनुभव लिहा

आईच्या पंचाहत्तरीला शंभर माणसं येतील. तीन हॉल पाहिले. तिघांचीही बोली एकच: दीडशेची क्षमता, पार्किंग, किचन, जनरेटर, सगळं आहे. प्रत्यक्षात तुमचं कुठे अडलं ते लिहा.



मी कार्यक्रमांना साउंड लावतो. ‘जनरेटर आहे का’ असं विचारू नका, ‘जनरेटरवर काय काय चालतं’ असं विचारा. बऱ्याच ठिकाणी फक्त दिवे, पंखे आणि स्टेजचे पॉइंट जोडलेले असतात. दोन टनाचा एक एसी साधारण दोन-अडीच किलोवॅट खातो. असे सहा असतील तर त्यांनाच पंधरा लागतात, शिवाय सुरू होताना आणखी ओढतात. हॉल बघायला जाल तेव्हा मेन स्विच पाडायला सांगा. काय बंद पडतं आणि किती वेळाने परत येतं, हे डोळ्यांनी बघा.



आमच्या हॉलला २५ केव्हीएचा होता, म्हणजे २५ किलोवॅट. भरपूर झाले.



२५ नाही, साधारण २० धरा. आणि तेवढे सगळे वापरायचेही नाहीत, थोडी जागा मोकळी ठेवावी लागते.



आमचं लिफ्टने घात केला. किचन तळमजल्यावर, हॉल दुसऱ्या मजल्यावर. ऐन जेवणाच्या वेळी वीज गेली. हॉलमध्ये लख्ख उजेड, पण लिफ्ट जनरेटरवर नव्हती. केटररची चार मुलं गरम पातेली फडक्यात धरून जिन्याने वर चढत होती आणि त्याच जिन्याने पाहुणे उतरत होते. ते आठवलं की अजून धडधडतं. किचनचा जिना वेगळा आहे का, तेही बघा.



घरच्या इन्व्हर्टरवर दोन तास निघतील का? आमचा कार्यक्रम गच्चीवर आहे.



दिवे निघतील. गच्चीचा वेगळा धागा काढा ना.



दीडशेची क्षमता म्हणजे नुसत्या खुर्च्यांच्या रांगा. दहाजणांचं गोल टेबल, खुर्च्या आणि वाढप्याची वाट धरून बारा बाय बारा फूट जागा जाते. दहा टेबलांना चौदाशे चौरस फूट झाले, स्टेज आणि बुफे वेगळे. टेप घेऊन जा.



भाड्याचे आठ तास कधीपासून मोजतात? आमचे सजावटवाला आत आला तेव्हापासून मोजले. डिझेलही तासावर होतं आणि अर्ध्या तासाचा पूर्ण तास लावला. करारात तसंच लिहिलं होतं, मी वाचलं नव्हतं.



धागाकर्ती: आज पुन्हा गेले. पहिल्या हॉलने स्विच पाडायला नकार दिला, म्हणून तो सोडला. दुसऱ्यात सोळा सेकंदांत दिवे आले, एसी आले नाहीत, लिफ्टही नाही. तिसऱ्यात सगळं आलं, पण पार्किंग वरच्या मजल्यावरच्या हॉलबरोबर वाटून आहे आणि त्या दिवशी तिथेही बुकिंग आहे. आमच्या तीसेक गाड्या होतील. गाड्यांची संख्या करारात लिहून घेतलीय का कुणी?