औषधांच्या ॲपचे जर्मन स्क्रीन: साठ्याचा आकडा जुळत नाही

नमस्कार मंडळी,
यांना मेटफॉर्मिन सुरू झालंय. प्लॅनमध्ये 1-0-1-0 लिहिलंय, म्हणजे सकाळी एक, रात्री जेवताना एक, एवढं कळलं. पण काल Vorrat म्हणजे साठ्याच्या पानावर 14 गोळ्या शिल्लक दिसल्या आणि डब्यात मोजल्या तर 20 निघाल्या. ॲप बिघडलंय का? आणि काल संध्याकाळच्या गोळीसमोर Verpasst असं लाल अक्षरात आलंय, ती आता घ्यायची का?
(न्युर्नबर्ग)

वहिनी, Verpasst म्हणजे वेळ चुकली. चार तासांच्या आत आठवलं तर घ्यायची, नाहीतर सोडायची, असा साधा नियम आहे. साठ्याचं मला सांगता येणार नाही.
(माइन्त्स)

चार तासांचा नियम सगळ्या औषधांना लागू नाही, दादा. मी आपोथेकेत काम करते. काय करायचं ते गोळीच्या डब्यातल्या कागदावर, तिसऱ्या भागात, vergessen haben या शब्दांनी संपणाऱ्या मथळ्याखाली असतं. मेटफॉर्मिनच्या कागदावर दुप्पट घेऊ नका असं स्पष्ट लिहिलेलं आहे. कालची गेली ती गेली, वहिनी. आजच्या गोळ्या नेहमीच्या वेळी, जेवणाबरोबर. ॲप फक्त नोंद ठेवतं, गोळी घ्यावी की नाही हे ठरवत नाही.

साठ्याचं मात्र नीट बघा. ॲप डब्यात डोकावत नाही. तुम्ही सुरुवातीला 120 भरल्या असतील, आणि Eingenommen, म्हणजे ‘घेतली’, दाबलं की त्यातून एक वजा होते. Übersprungen, म्हणजे ‘सोडली’, किंवा Verpasst असेल तर वजा होत नाही. त्यामुळे डब्यात 6 जास्त असतील, तर बहुधा 6 वेळा गोळी न घेताच Eingenommen दाबलं गेलंय, घंटी बंद व्हावी म्हणून. दिवसाला दोन म्हणजे तीन दिवसांचं औषध पोटात गेलेलं नाही. यांना प्रेमाने विचारा, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे सांगा, नाहीतर साखर का वाढली म्हणून डोस वाढवला जाईल. मग साठ्यात 20 हा खरा आकडा भरा.

साठा संपत आल्याची सूचना 7 दिवसांऐवजी 14 दिवसांवर ठेवा. डॉक्टरांचा दवाखाना सुट्टीत बंद असतो, आणि नव्या तिमाहीत विम्याचं कार्ड एकदा दाखवल्याशिवाय नवं ई-रेत्सेप्ट सहसा मिळत नाही.
(आपोथेकेवाली, फ्युर्थ)

आम्ही डिसेंबरात पुण्याला जातोय. फोन भारतीय वेळेवर गेला की सकाळी आठची घंटी तिथल्या आठला वाजणार की दुपारी साडेबाराला? माझी थायरॉइडची गोळी आहे, उपाशीपोटी घ्यायची.
(उल्म)

ते त्या त्या ॲपवर अवलंबून आहे, ताई. विमानात बसण्याआधी फोनचा टाइमझोन हाताने बदलून एकदा बघा. मेटफॉर्मिन असतं तर जेवणाबरोबर चालतं म्हणाले असते. तुमच्या गोळीचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.
(फ्युर्थ)

विचारलं. यांनी कबूल केलं, ऑफिसात मीटिंग असली की नुसतं दाबायचे. आकडा 20 केला. शुक्रवारी डॉक्टरांकडे जातोय.
(न्युर्नबर्ग)